डोरले परत घेण्याची अट

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी, अकोल्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, बावीस कॅरेटच्या एका डोरल्याची ऑनलाइन खरेदी पैसे भरण्याच्या पानावर थांबवण्यात आली. दागिना खोटा असल्याचा संशय नव्हता. हॉलमार्क तपासून झाला होता. किमतीबद्दलही तक्रार नव्हती. खरेदी थांबली ती दुकानाच्या परतखरेदीच्या अटींमधल्या एका वाक्यावर.

डोरले म्हणजे दोन वाट्यांचे मंगळसूत्र. ते मुलाकडून जाते. लग्न माझ्या भाच्याचे होते, माघात. तो अकोल्यातच बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मुलगी धामणगाव रेल्वेची, तिथल्याच शाळेत शिकवते. नमुना तिने पसंत केला होता. वाट्या लहान, मधली पट्टी नाजूक, रोज शाळेत घालून जाता येईल असा. अकोल्यात दोघांनी तीन-चार दुकाने पाहिली होती. तसा नमुना तयार नव्हता. तो एका ऑनलाइन दुकानात मिळाला.

बहिणीने मला शनिवारी फोन केला. मी अमरावतीला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. घरात कुठलाही कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो, विम्याचा असो की कर्जाचा.

"भाऊ, उद्या ये," ती म्हणाली. "पोरगं मोबाईलवर सोनं घेऊन राहिलं. तू एकदा वाचून पाय. तुले वाचाचा पगार भेटते ना?"

मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली.

भाच्याने बरेच काम आधीच केले होते. त्याला पहिल्यांदा जे दुकान आवडले होते, त्याची जाहिरात 'मेकिंग चार्ज शून्य' अशी होती. त्याने हिशेब करून पाहिला. त्यांचा ग्रॅमचा भाव त्या दिवशीच्या सराफ्याच्या भावापेक्षा बराच जास्त होता आणि सोन्याचे म्हणून दिलेल्या वजनात काळे मणीही धरलेले होते. घडणावळ माफ नव्हती, दुसऱ्या खिशातून घेतली जात होती. त्या दुकानाने सोनेरी काठाचे एक प्रमाणपत्रही दाखवले होते. त्यावरचा चौकोनी कोड मोबाईलने वाचला की त्याच दुकानाचे पान उघडत होते. ज्याने दागिना विकायचा त्यानेच तो शुद्ध असल्याचे लिहून दिले होते. नगावर कोरलेला हॉलमार्कचा क्रमांक, एचयूआयडी, विचारल्यावर, तो पैसे भरल्यानंतर कळवू, असे उत्तर आले. भाच्याने ते दुकान सोडले.

दुसऱ्या दुकानाच्या पानावर निव्वळ सोन्याचे वजन, त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि एकूण रकमेवरचा तीन टक्के जीएसटी हे वेगवेगळे लिहिलेले होते. घडणावळ टक्क्यांत होती आणि त्यावर सूट होती. काळे मणी दागिन्यात नव्हतेच. फक्त सोन्याचा भाग विकला जाणार होता, ओवणी ज्याची त्याने करून घ्यायची.

भाच्याने त्यांना लिहून विचारले होते की, ऑर्डरनंतर बनवणार असाल तर हॉलमार्क आधी कसा दाखवाल. त्यावर त्यांनी तयार असलेल्या नगाचा फोटो पाठवला. पट्टीच्या मागच्या बाजूला तीन खुणा होत्या. हॉलमार्कचे त्रिकोणी चिन्ह, २२के९१६, आणि सहा अक्षरे-आकड्यांचा एचयूआयडी. हा क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. हॉलमार्क तपासण्याच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नग कोणत्या प्रकारचा, किती शुद्ध, कोणत्या सराफाने कोणत्या केंद्रात तपासून घेतला, हे दिसते.

मी तो माझ्या मोबाईलवर पुन्हा टाकला. शुद्धता जुळली. प्रकारही जुळला. सराफाचे नाव जुळले नाही.

"हे कोन?" बहीण माझ्या खांद्यावरून पाहत होती. "दुकानाचं नाव तं दुसरंच हाय."

"थांब ना आई," भाचा म्हणाला.

"मी कुठं चालली? मी थांबलीच हाय. तूच घाई करून राहिला."

भाच्याने दुकानाच्या पानाच्या अगदी तळाशी जाऊन बारीक अक्षरांतला मजकूर काढला. दुकानाचे जाहिरातीतले नाव वेगळे आणि कंपनीचे नोंदणीतले नाव वेगळे होते. ॲपमधले नाव कंपनीचे होते. जीएसटी क्रमांकासमोरही तेच होते. मी दोन्ही नावे अक्षर अक्षर लावून पाहिली.

"मामा, बातमी लावता का डोरलं घेता?" भाचा म्हणाला.

बहीण हसली. तिने चहा टाकला. माझ्यापुरते काम झाले होते. भाच्याने कार्ड काढले आणि पैसे भरण्याचे पान उघडले. तेवढ्यात बहिणीने स्वयंपाकघरातून विचारले, "अन् वापस घेतात का ते? विकाचं काम पडलं तं?"

हा प्रश्न ती विचारणार हे मला ठाऊक होते. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी भाऊजी आजारी पडले तेव्हा ते अमरावतीला दवाखान्यात होते आणि तिने तिचा गळ्यातला गोफ विकला. घेताना गोफाचे जे वजन होते ते विकताना राहिले नाही. सराफाने तो वितळवला. आत झाळ, म्हणजे जोडाचा हलका धातू, निघाली; टोकाच्या मुद्दीत लाख निघाली. तिला जे मिळेल असे वाटले होते त्याच्या दोन तृतीयांशही हातात आले नाही. भाऊजी बरे झाले आणि आज शेती पाहतात. गोफाचा विषय घरात निघत नाही. पण सुनेच्या डोरल्याबद्दल तिचे एकच म्हणणे पहिल्या दिवसापासून होते. पोरीवर वेळ आली तर ते आहे तेवढ्याचे विकले गेले पाहिजे.

मी परतखरेदीच्या अटी मोठ्याने वाचल्या. बदलून दुसरा दागिना घेतल्यास त्या दिवशीच्या भावाने सोन्याची पूर्ण किंमत. रोख हवी असल्यास त्यातून ठरावीक टक्के कपात. घडणावळ आणि कर परत नाही. मूळ बिल आवश्यक.

"हे ठीक हाय," बहीण म्हणाली. "मजुरी तं कोनीच देत नाई."

पुढचे वाक्य असे होते: दागिन्यात कोणताही धातू जोडल्यास, काढल्यास किंवा त्यावर झाळकाम केल्यास परतखरेदीची हमी लागू राहणार नाही, असा दागिना जुने सोने समजून वितळवला जाईल आणि निघेल त्या शुद्धतेने मोजला जाईल.

"पुना वाच," बहीण म्हणाली.

मी पुन्हा वाचले. तिने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसली.

बहिणीच्या सासरी एक रीत आहे. सासू स्वतःच्या डोरल्यातला एक सोन्याचा मणी काढते आणि सुनेच्या नव्या डोरल्यात दोन वाट्यांच्या मधोमध झाळून बसवते. त्याला घरचा मणी म्हणतात. त्याशिवाय डोरले घरचे झाले असे मानत नाहीत. बहिणीच्या डोरल्यात तिच्या सासूचा मणी होता; तोच आता पुढे जायचा होता. नवे डोरले हाती आले की सराफ्यात नेऊन मणी बसवायचा, हे तिने कधीच ठरवून ठेवले होते. ते कोणाला सांगण्याची तिला गरज वाटली नव्हती. भाच्याला ती रीत ठाऊक होती, पण दुकानाच्या अटींशी तिचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आले नव्हते. माझ्याही नाही.

"म्हंजे मनी बसवला का त्यायची हमी गेली," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"अन् नाई बसवला तं?"

"तर राहील."

भाचा कार्ड हातात घेऊन बसला होता. "आई, मनी नाई बसवला तं काय होते? कोन पाहाले येते?"

"म्या बसवला नाई असं मलेच माईत राहीन ना."

"मंग बसव. हमी जाऊ दे. कोनाले विकाचं हाय?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "मलेई कुठं विकाचा होता गोफ?"

भाच्याने पान बंद केले. भाव दर दिवशी बदलतो, उद्या वाढला तर, असे तो एकदा म्हणाला. वाढू दे, असे ती म्हणाली. रविवारची नोंद एवढीच.

मी मुक्काम केला. सोमवारी दुपारी बहीण आणि मी अकोल्याच्या सराफ्यात गेलो. ज्यांच्याकडे गेलो त्या दुकानात बहिणीच्या घरचे लोक दोन पिढ्यांपासून येतात. मालक साठीचे आहेत. बहिणीने त्यांना सगळे सांगितले आणि गळ्यातले डोरले काढून काचेवर ठेवले.

"वा," ते म्हणाले. "सोनं मोबाईलवाल्याचं अन् सल्ला आमचा."

"तुमच्याकडं तो नमुना नवता ना," बहीण म्हणाली.

"म्या म्हनलं बनवून देतो. तुमची सूनबाई म्हने लग्नाआधी पायजे. आता कारागीर काय लग्नात बसून बनवीन?"

"मनी झाळला तं किती फरक पडते ते सांगा."

त्यांनी सांगितले की फरक मण्याच्या सोन्यावर आहे. मणी बावीसचा असेल तर झाळेपुरती घट धरली जाते. कमी असेल तर वितळल्यावर सगळ्याची शुद्धता खाली येते. दुकानात शुद्धता मोजायचे यंत्र होते. त्यांनी डोरले त्यात ठेवले आणि आधी वाटीवर, मग मधल्या मण्यावर किरण धरला. वाटी एक्याण्णव टक्क्यांच्या पुढे आली. मणी पंचाहत्तरच्या खाली आला. त्यांनी पुन्हा मोजले. दुसऱ्यांदाही तेच.

बहिणीने पडद्यावरचा आकडा पाहिला. "म्हंजे अठरा कॅरेट?"

"अठराई पुरं नाई."

"सासूनं मले अठरा कॅरेटचा मनी देल्ला?"

"त्यायलेई त्यायच्या सासूनंच देल्ला असन ना," मालक म्हणाले. "त्या काळात कोन मोजत होतं? हे बरं हाय का तुमी तो मनी अजून नव्यात घातला नाई."

डोरले पुन्हा गळ्यात घालायला तिला थोडा वेळ लागला. फिरकी लागत नव्हती. मालकांनी यंत्रावर मोजण्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर तिने स्वतःच धामणगावला फोन लावला. होणारी सून अजून शाळेत होती. मधली सुट्टी असावी, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. बहिणीने फोन स्पीकरवर ठेवला आणि रीत, अट आणि यंत्रावरचा आकडा तिन्ही सांगितले. मण्याचा आकडा ती लपवेल असे मला वाटले होते. तिने तो आधी सांगितला.

"काकू, एक विचारू?" मुलगी म्हणाली.

"विचार."

"मणी झाळायलाच पाहिजे का? काळी पोत तर आपण वेगळीच ओवून घेणार ना. त्या पोतीत ओवला तर?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले.

"मधोमध पायजे पण," ती म्हणाली.

"पोतीतही मधोमध येईल. डोरल्याच्या अगदी वर. दोन्ही बाजूला काळे मणी अन् मधात तो. मी रोज पाहीन त्याले."

"आमच्या सासूबाई असत्या तं नाई म्हनल्या असत्या."

"तुमी काय म्हनता?"

बहिणीने गळ्यातला मणी बोटांनी चाचपला. फोनवर शाळेची घंटा ऐकू आली. "मी म्हन्ते, घरचा मनी घरच्या पोतीत राहीन," ती म्हणाली. "तू जाय वर्गावर. पोरं गोंधळ करून राह्यले."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "हुशार हाय. आपल्या ध्यानात नाई आलं."

ओवणी बदलली तर तो दागिन्यातला बदल मानतात का, हे अटींमध्ये नव्हते. मी भाच्याला सांगितले की फोनवर विचारू नकोस, लिहून विचार आणि उत्तरही लिहूनच घे. त्याने संध्याकाळी मेल केला. मजकूर मी पाहून दिला. काळ्या मण्यांची पोत आणि तीत ओवलेला वेगळा सोन्याचा मणी हे विकलेल्या नगाचा भाग धरले जातील का, आणि त्यामुळे परतखरेदीवर परिणाम होईल का, असे दोन प्रश्न होते. मी रात्रीच्या गाडीने अमरावतीला परतलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. नग म्हणजे बिलात वजन दिलेला, एचयूआयडी असलेला सोन्याचा भाग. पोत आणि तीत ओवलेल्या वस्तू त्यात येत नाहीत; परत देताना त्या काढून नग दिला की अटी जशाच्या तशा लागू राहतील. भाच्याने तो मेल मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, सुटलो." मी डेस्कवर होतो. पहिल्या पानाचे काम चालू होते. मी मेल दोनदा वाचला आणि त्यातले 'जशाच्या तशा' हे शब्द बहिणीला फोनवर वाचून दाखवले.

"लिहून देल्लं ना?"

"लिहून."

"मंग भर म्हना पैसे."

सोन्याचा भाव रविवारपेक्षा थोडा वाढला होता. भाच्याने तो विषय काढला नाही. रात्री त्याने मला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल टेबलावर उभा केला आणि लॅपटॉपवर पैसे भरण्याचे पान उघडले. बिलासाठी नाव विचारणारा रकाना आला. त्याने स्वतःचे नाव भरायला सुरुवात केली.

"थांब," बहीण म्हणाली. "बिल कोनाच्या नावानं?"

"माह्या. पैसे मी भरून राहिलो ना."

"वापस देताना पैसे कोनाले देतात?"

त्याने अट शोधून वाचली. परतखरेदीची रक्कम बिलावर नाव असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यातच जमा होईल.

बहीण खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. ती जे बोलली ते मी तोपर्यंत ऐकलेले नव्हते. गोफ विकायला ती गेली तेव्हा बिल भाऊजींच्या नावाचे होते. दुकानदाराने बिल पाहून, मालकाला घेऊन या, असे सांगितले. भाऊजी दवाखान्यात पलंगावर होते. ती दवाखान्यात परत गेली, त्यांची सही घेऊन आली, तर सही चालणार नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी ती दुसऱ्या दुकानात गेली. त्याने बिल मागितले नाही आणि कपात वाटेल तेवढी केली.

"त्यानं कमी देल्लं म्हनून नाई," ती म्हणाली. "पयल्यानं पुसलं का मालक कुठं हाय. गोफ माह्या गळ्यात होता."

भाच्याने रकान्यातले नाव पुसले.

"तिचं पुरं नाव टाक," बहीण म्हणाली. "लग्नाआधीचं. आधार कार्डावर हाय तेच."

"अन् भांडून माहेरी गेली डोरलं घेऊन तं?"

"तं तुले समजन का भांडाचं नाई."

मी फोनवर हसलो तेव्हा तीही हसली. दुसऱ्याच्या नावाने बिल निघेल का हे त्याने आधी दुकानाला विचारले. निघेल, ओळखपत्राची प्रत लागेल, असे त्यांनी कळवले. धामणगावहून प्रत मोबाईलवर आली. पैसे त्या रात्री भरले गेले.

पार्सल त्याच आठवड्यात अकोल्याला पोहोचले. भाच्याने सील तोडण्यापासून सगळ्याचे चित्रीकरण केले, कारण तक्रार असल्यास ते लागेल असे दुकानाने कळवले होते. डबी बहिणीने उघडली. तिने डोरले तळहातावर घेतले, वजन केल्यासारखा हात दोनदा वरखाली केला आणि भाच्याला म्हणाली, "हलकं हाय. पोरीची मान नाई दुखाची."

परत करण्याची मुदत शिल्लक असतानाच ते सराफ्यात नेण्यात आले. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन गेलो होतो. मालकांनी काट्यावर ठेवले. वजन बिलाएवढे भरले. त्यांनी भिंग लावून पट्टीच्या मागचा क्रमांक एकेक अक्षर वाचला, भाच्याने तो ॲपमध्ये टाकला. फोटोतला आणि हा एकच होता. यंत्रावर वाट्या एक्याण्णवच्या पुढे आल्या.

"माल चांगला हाय," मालक म्हणाले. "मजुरी जरा जास्त घेतली त्यायनं."

"तुमी किती घेतली असती?" बहिणीने विचारले.

त्यांनी सांगितले.

"मंग तेवढीच की."

"माह्या दुकानात चहा भेटते," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

बहिणीच्या डोरल्यातला घरचा मणी काढून घेतला आणि पोत त्याच गल्लीत दागिने ओवणाऱ्या पटव्याकडे ओवून घेतली, मणी मधोमध. जोड कुठेही झाळलेला नाही. पोत हुकाने सुटते.

लग्न माघात धामणगावला झाले. मूळ बिल, दुकानाचा मेल छापून काढलेला कागद आणि डबी सुनेच्या कपाटात आहेत. कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. बिलावर तिचे लग्नाआधीचे नाव आहे, आणि बँकेच्या पासबुकावरही अजून तेच आहे.